तिरक्या पायांच्या टेबलाचा लोखंडी सांगाडा: चौकोनी पाइपचा कट आणि वेल्डिंग, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुपवाडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. खिडक्या, गेट, जिने रोजचेच, पण गेल्या काही वर्षांत टेबलाच्या सांगाड्यांचं काम वाढलंय, आणि आता बरीच पोरं घरीच मशीन घेऊन करायला लागलीत. ती सगळी फोन करून फिरून फिरून त्याच गोष्टी विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच टेबल धरलंय, मिरजेच्या आत्यासाठी केलेलं, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

टेबल कसलं आहे आणि मापं काय?

जेवायचं टेबल. वर लाकडी फळी, १५०० बाय ८०० मिमी, जाडी ४०. जमिनीपासून फळीच्या वरच्या तोंडापर्यंत ७५० पाहिजे म्हणून सांगाडा ७१० मिमी उंच. दोन बाजूंना दोन बंद फ्रेम, प्रत्येक फ्रेम खाली रुंद आणि वर अरुंद: खाली ७००, वर ५००, बाहेर-बाहेर. म्हणजे पाय प्रत्येक बाजूला १०० मिमी आत झुकतो. दोन्ही फ्रेम वरच्या बाजूला दोन आडव्या पाइपनी जोडलेल्या. बास एवढंच.

पाइप कुठला घ्यावा?

५० बाय ५०, ३ मिमी जाडीचा, काळा एमएस. दुकानात "दोन इंची चौकोनी" म्हणून मागितला तरी देतात, पण जाडी स्वतः मोजा, कारण ३ म्हणून २.५ हातात देणारे आहेत आणि वजनात फरक लगेच कळतो, ३ चा पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास बसतो. ६ मीटरचा अख्खा पाइप मिळतो, त्यात दोन्ही फ्रेम बसतात आणि वर मीटरभर उरतो, फक्त एका तुकड्याचा तिरका कट पुढच्या तुकड्याला वापरायचा, प्रत्येक वेळी पाइप पालथा करून.

२ मिमीचा घेतला तर टेबल मोडणार नाही, पण नवीन माणसाला त्यावर वेल्डिंग जमत नाही, भोकं पडतात. पहिल्याच कामाला ३ घ्या.

कटिंग मशीनवर किती डिग्री लावायची? कोपरा ८२ चा आहे मग ४१ ना?

नाही. ९० टक्के लोक इथंच पाइप वाया घालवतात, मीपण घातलाय. आत्याच्या टेबलाच्याच पहिल्या चार तुकड्यांना मी ४१ लावून धडाधड कापलं आणि जमिनीवर मांडल्यावर बघतो तर खालचा कोपरा मिटायला तयार नाही. चूक काय झाली ते सांगतो.

पाय ७१० उंचीत १०० सरकतो. १०० भागिले ७१० म्हणजे ०.१४, हा टॅन, त्याचा कोन ८ डिग्री. म्हणजे खालच्या कोपऱ्यात फ्रेमच्या आतला कोन ९० वजा ८ = ८२, आणि वरच्या कोपऱ्यात ९० अधिक ८ = ९८. मिटर कट कोपऱ्याच्या बरोब्बर मधून जातो, म्हणजे ८२ चा अर्धा ४१, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं.

पण हे ४१ आहे पाइपच्या लांबीपासून मोजलेलं. मशीनवरचा काटा तसं मोजत नाही. मशीनवर ० लावलं की कट सरळ, काटकोनात पडतो, म्हणजे मशीन काटकोनापासून मोजतं. मग ४१ चा कट मशीनवर ९० वजा ४१ = ४९ होतो. आणि वरच्या कोपऱ्याचा अर्धा ४९, तो मशीनवर ४१.

म्हणजे खालच्या दोन कोपऱ्यांना मशीनवर ४९, वरच्या दोन कोपऱ्यांना ४१. आकडे एकमेकांत अदलाबदल होतात म्हणूनच गोंधळ होतो, कारण चुकीचा आकडापण ओळखीचाच वाटतो. ध्यानात ठेवायची खूण अशी: अणकुचीदार कोपरा असेल तर कट जास्त तिरका, पसरट कोपरा असेल तर कमी तिरका. कापायच्या आधी खडूनं पाइपवर "वर" आणि "खाली" लिहा, लाजायचं काही नाही.

दोघांना सारखाच कट कशाला? एकाला सोपा ४५ मारतो, उरलेलं दुसऱ्यावर घेतो.

कोन मिटेल, पण तोंडं जुळणार नाहीत. खालच्या कोपऱ्यात मशीनवरचे दोन कट मिळून ९८ व्हायला पाहिजेत, ते ४५ अधिक ५३ पण होतात हे खरं. पण ५० च्या पाइपवर ४५ चा कट तोंडाला ७१ मिमी लांब होतो आणि ५३ चा ८३ मिमी. एकावर एक ठेवलं की १२ मिमी बाहेर. ती पायरी मग लोक वेल्डिंगनं भरत बसतात. दोन्हीकडे ४९ मारला तर दोन्ही तोंडं ७६ ची, बरोबर बसतात.

माझं मशीन ४५ च्या पुढं फिरतच नाही. ४९ कसा मारू?

१४ इंची कटरचा शिकंजा बहुतेक ४५ पर्यंतच जातो, तुमचंच नाही. दोन उपाय.

पहिला म्हणजे पाचर. मशीन ४५ वर फिट करा आणि मागच्या पट्टीत नि पाइपमध्ये ४ डिग्रीची पाचर घाला. पाचर कशी करायची तर २०० मिमी लांब लाकडाचा तुकडा, एका टोकाला जाडी शून्य आणि दुसऱ्या टोकाला १४ मिमी, झाली ४ डिग्री. जाड टोक कुठल्या बाजूला ठेवायचं ते आधी भंगारातल्या तुकड्यावर बघा, उलटं ठेवलं तर ४१ पडतो. म्हणजे तीच पाचर उलटी करून वरचे कोपरेपण निघतात, हे मला दुसऱ्या टेबलाला कळलं, तोवर ४१ साठी शिकंजा पुन्हा पुन्हा हलवत होतो. शिकंजा घट्ट पकडतोय का ते मात्र हातानं हलवून बघा, लाकडावर पकड थोडी कमी येते आणि कापताना पाइप हलला तर चाक फुटतं.

दुसरा उपाय आखणी करून हातग्राइंडरनं. यात डिग्रीची भानगडच नाही. ५० रुंदीवर ४९ चा कट म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा ५७.५ मिमी पुढं, आणि ४१ चा म्हणजे ४३.५ मिमी पुढं. बाहेरच्या तोंडावर लांब टोकाची खूण, आतल्या तोंडावर तेवढी मागं खूण, दोन्ही तोंडांवर गुण्या लावून आडवी रेघ, आणि बाजूच्या दोन्ही तोंडांवर खुणा जोडणारी तिरकी रेघ. चारी बाजूंनी रेघ फिरून जिथून निघाली तिथंच आली पाहिजे, नाहीतर गुण्या हललाय. मग एकेक तोंड वेगळं कापायचं, एका दमात आरपार जायचं नाही. १ मिमीचं पातळ चाक, गार्ड लावलेला, चष्मा घातलेला.

खरं सांगायचं तर मला ही दुसरी पद्धतच जास्त भरवशाची वाटते. कटरवरच्या डिग्रीच्या खुणा एवढ्या जाड असतात की एक डिग्री तर त्या रेघेतच जाते.

मापं कुठून कुठपर्यंत धरायची?

लांब टोकापासून लांब टोकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या बाजूनं. वरचा पाइप ५००, खालचा ७००, पाय ७१७. पाय ७१० नाही, कारण तो तिरका आहे: ७१० चा वर्ग अधिक १०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७१७. आतून तपासायचं असेल तर वरचा ४१३, खालचा ५८५, पाय ६१६ यायला पाहिजे. पायाच्या एका टोकाला ४९ आणि दुसऱ्याला ४१ आहे हे विसरू नका, आणि चारही पाय एकसारखेच आहेत, डावा-उजवा काही नसतं, फिरवून बसतात.

अँगल बरोबर आहे, तरी एका बाजूला जोड घट्ट आणि दुसऱ्या बाजूला फट पडते, का?

कट उभ्यात वाकडा आहे. कटरचं चाक ३ मिमी जाड असलं तरी जोरात दाबलं की कलतं, आणि तिरक्या कटात जास्तच, कारण चाक पाइपच्या तोंडावर तिरकं उतरतं आणि घसरायला बघतं. सुरवातीला चाक नुसतं टेकवून खाच पाडा, मग वजन द्या. चाक झिजून लहान झालं की जुन्यावर ओढत बसू नका. तपासायचं सोपं आहे, पाइप सपाट प्लेटवर ठेवून कापलेल्या तोंडाला गुण्या उभा लावा, उजेड दिसला तर कललंय. एक मिमीपर्यंत असेल तर ग्राइंडरनं घासून घ्या, जास्त असेल तर मशीनचा हात ढिला झालाय का बघा, माझ्या जुन्या मशीनची पिनच झिजली होती.

जुळवायचं कसं? टॅक कुठं मारायचे?

आधी सपाट जागेवर अख्खी फ्रेम फुल साइज खडूनं काढा. फरशीवर जमतं, पण फरशीवर टॅक मारू नका, ठिणग्यांनी टाइल्स खराब होते आणि मग घरात ऐकून घ्यावं लागतं. जाड प्लायच्या तुकड्यावर रेघा मारा, चार कोपऱ्यांना बाहेरून लाकडी ठोकळे ठोका, त्यात पाइप बसवा. प्लायवर टॅकच मारायचे, अख्खं वेल्डिंग नाही, आणि जवळ पाण्याची बादली.

पाइपवर लांबीला एक शिवण असते, कंपनीत पट्टी वळवून जोडलेली. ती टेबलाच्या आतल्या बाजूला जाईल असा पाइप फिरवून ठेवा, रंगात दिसते ती.

प्रत्येक कोपऱ्याला एक टॅक, सेंटीमीटरभर, वरच्या तोंडावर. मग कर्ण मोजा. या फ्रेमचे दोन्ही कर्ण ९३० ला अर्धा मिमी कमी, आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतके पाहिजेत. माझ्या दुसऱ्या फ्रेमला एक ९२८ आणि दुसरा ९३२ आला होता, लांब कर्णाच्या टोकांना फ्रेम उभी धरून प्लायवर दोन हलके ठोके दिले, ९३० आणि ९३० झाले. टॅक मारल्यावर ठोकता येतं, वेल्डिंग झाल्यावर हातोडा दुरुस्ती करत नाही, नुसता आवाज करतो. कर्ण जुळले की फ्रेम पालथी करून मागचे टॅक, परत मोजायचं. दुसरी फ्रेम पहिलीच्याच अंगावर ठेवून जुळवा, म्हणजे चुकली तरी दोघी सारख्या चुकतील.

रॉड कुठला, करंट किती?

६०१३, २.५ मिमी, दुकानात १२ नंबर म्हणतात. ३ मिमीच्या पाइपला ७५ ते ८० अँपिअर, बाहेरच्या उघड्या कोपऱ्यावर ७० ला आणा कारण तिथं उष्णता जायला जागा नसते आणि कड वितळून गळते. रॉड चिकटत असेल तर लगेच करंट वाढवू नका, आधी वायर बघा. घरून अंगणापर्यंत पातळ एक्स्टेंशन ओढलेलं असतं आणि संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी, मशीनवर ८० दिसतं पण रॉडच्या टोकाला तेवढं पोचत नाही. वायर जाड आणि आखूड, आणि अर्थिंगचा क्लॅम्प गंजावर नाही तर घासलेल्या चकचकीत जागी.

शक्य तेवढं प्रत्येक जोड फिरवून आडव्यात घ्या. फ्रेम हलकी आहे, उचलून फिरवायला आळस केला तर उभ्यातलं वेल्डिंग लोंबतं.

वेल्ड घासून एकदम सपाट केलं तर ताकद जाते का?

चांगला प्रश्न आहे आणि बरेच जण हा विचारतच नाहीत. मिटर जोडात दोन्ही पाइपची तोंडं एका पातळीत असतात. तुम्ही वरून माल चढवला आणि मग फ्लॅप डिस्कनं सगळा सपाट केला, तर राहिलं काय? फक्त जेवढं वेल्डिंग फटीच्या आत उतरलं तेवढंच. दोन कडा घट्ट चिकटवून वरून रॉड ओढला असेल तर आत मिमीभरही गेलेलं नसतं, आणि ते टेबल दिसायला झकास पण कोपऱ्यात कागदाइतक्या पापुद्र्यावर उभं.

म्हणून जुळवायच्या आधीच कडांना उतार मारायचा. दिसणाऱ्या तोंडांच्या कडा ग्राइंडरनं साधारण २ मिमी खोल तिरक्या करा, खाली मिमीभर सरळ कड शिल्लक ठेवा, म्हणजे दोन पाइप भिडल्यावर वर इंग्रजी व्हीसारखी चर तयार होते. ती चर भरली की घासून सपाट केलं तरी आत माल राहतो. लांबीचं माप बदलत नाही कारण आतली कड तशीच आहे. फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यातलं वेल्ड मात्र अजिबात घासू नका, तिथं कोण बघतंय, नुसती खपली काढून ब्रश मारा.

खात्री करायची असेल तर उरलेल्या तुकड्यांचा एक नमुना जोड करा, घासून सपाट करा आणि आडवा कापून बघा. कापलेलं तोंड पॉलिशसारखं घासलं की दोन पाइपमधली मूळ रेघ बारीक काळी दिसते. ती रेघ अर्ध्या जाडीच्या वरपर्यंत येत असेल तर करंट वाढवा किंवा चर मोठी करा. शिकंज्यात धरून हातोड्यानं मोडून बघितलं तरी कळतं, वेल्डच्या मधून फाटला तर काम कच्चं, पाइप वाकला आणि वेल्ड राहिला तर पक्कं. मी नवीन पोराला आधी हेच करायला लावतो, एकदा स्वतःचा जोड हातात मोडून आला की परत सांगावं लागत नाही.

फ्रेम टॅकला सपाट होती, वेल्डिंग झाल्यावर एक पाय उचलला. असं का?

वेल्ड गार होताना आकसतं आणि ज्या तोंडावर मारलंय तिकडं पाइप ओढतं. चारही कोपरे वरच्या तोंडावर एका दमात मारले की फ्रेम वरच्या बाजूला बशीसारखी वळते. म्हणून एका तोंडावर एक जोड, मग पालथी करून त्याच कोपऱ्याचं मागचं तोंड, मग समोरच्या कर्णावरचा कोपरा. दोन्ही सपाट तोंडं झाली की बाहेरची कड आणि सगळ्यात शेवटी आतला कोपरा. बाहेरचं वेल्ड कोपरा उघडायला बघतं, आतलं मिटवायला, एकमेकांना सांभाळून घेतात. मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, चहा प्या. पाणी ओतून गार करू नका.

शेवटचा जोड बंद होतच नाही, तिथून फुर्र करून माल उडतो.

आत हवा कोंडलीय. चारी बाजूंनी पाइप बंद झाला, आतली हवा तापली आणि शेवटच्या फटीतून बाहेर यायला लागली, वितळलेला माल सोबत घेऊन. रॉडची चूक नाही. वरच्या पाइपला फळीच्या स्क्रूसाठी भोकं लागणारच आहेत, ती वेल्डिंगच्या आधी पाडा, प्रश्न मिटला. ती भोकं जरा लांबट ठेवा, लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं.

दोन फ्रेम जोडायच्या आडव्या पाइपला पण ५० चाच घेऊ का?

४० बाय ४० घ्या. ५० च्या पाइपचे कोपरे गोल असतात, सपाट भाग मधला ४० एकच असतो. त्यावर ५० चा पाइप काटकोनात टेकवला की दोन्ही कडांना गोलाईत फट राहते आणि ती भरताना भोकं पडतात. ४० चा पाइप बरोबर सपाटीवर बसतो, चारी बाजूंनी आरामात वेल्ड फिरतं. वरून तो ५ मिमी खाली राहतो, राहू दे, फळी फ्रेमवर बसते. फ्रेम बाहेर-बाहेर १००० वर ठेवल्या तर हे पाइप ९०० चे, सरळ कट, दोन नग. ते मधे लावू नका, पायांच्या डोक्यापाशी लावा, म्हणजे टेबल लांबीत हलत नाही. तिथं मिटरचं वेल्ड येत असेल तेवढं मात्र घासून सपाट करावंच लागतं.

घरी जीआयचा पाइप पडलाय, तो चालेल का?

टेबलाला चालतो, तुमच्या छातीला नाही. वरचा जस्ताचा थर जळून पांढरा धूर येतो, तो नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वापरायचाच असेल तर जोडापासून दोनेक इंच थर घासून काढा, तोही मास्क लावून, आणि वेल्डिंग उघड्यावर करा, धूर तोंडावर न येता वाऱ्यानं बाजूला जाईल असं. आणि हो, धूर घेतल्यावर दूध प्या, गूळ खा असं आपल्याकडं सगळे मिस्त्री सांगतात. गूळ खा की, आपल्या सांगलीचाच आहे, पण तो पोटात जातो, धूर फुप्फुसात गेलेला असतो.

सगळं झालं आणि टेबल डुगडुगतंय. आता?

आधी फरशी बघा. टेबल आहे तिथंच पाव फेरा फिरवा. डुगडुग त्याच कोपऱ्याच्या जागी राहिली तर फरशीत खड्डा आहे, टेबलासोबत फिरली तर सांगाड्यात फरक आहे. आत्याकडं फरशीच निघाली, जुनी शहाबादी, आणि मी तोवर घाम गाळून फ्रेमवर संशय घेत बसलो होतो. दोन-तीन मिमीचा फरक असेल तर कापाकापी करू नका, खालच्या पाइपला टोकांपाशी भोक पाडून आतून नट वेल्ड करा आणि फिरवायचे बूट बसवा. हे नट फ्रेम बंद करायच्या आधीच बसवले तर सोपं जातं, नंतर करायचं तर बाहेरून नटाएवढं भोक पाडून त्यात नट बसवून कडेनं वेल्ड मारावा लागतो, मी तेच केलं. बूट लावले की खालचा पाइप जमिनीपासून सुटतो, फरशी पुसताना पाणी खाली साचत नाही आणि गंजही उशिरा धरतो. उंची बुटांनी वाढते तेवढी सांगाड्याच्या ७१० मधून आधीच वजा करा, आत्याचं टेबल १५ मिमी उंच झालंय आणि ती भेटली की दर वेळी सांगते.